बँकेचं व्याज आणि रिटर्न जुळत नाही अशी नोटीस आली, तर उत्तर कसं द्यावं

नोटिशीत दोन आकडे असतात. एक तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेल्या व्याजाचा, दुसरा बँकांनी तुमच्या पॅनवर कळवलेल्या व्याजाचा. दुसरा मोठा असतो आणि मधला फरक कसा आला ते सांगा, असं विचारलेलं असतं. इथे लोक दोन टोकाच्या चुका करतात. काही जण घाबरून सगळा फरक मान्य करतात आणि जो कर लागतच नाही तोही भरतात. काही जण 'टीडीएस तर कापला आहे' एवढं एक वाक्य लिहून मोकळे होतात. दोन्हींचं मूळ एकच आहे. फरकाचा आकडा हा एकच आकडा नसतो. तो चार-पाच वेगवेगळ्या नोंदींची बेरीज असतो आणि प्रत्येक नोंदीचं उत्तर वेगळं असतं. म्हणून आधी बेरीज फोडायची, मग उत्तर लिहायचं.

पुढे आर्थिक वर्ष 2023-24, म्हणजे कर निर्धारण वर्ष 2024-25 चं एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. कलमं 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातली आहेत. नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला असला तरी त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनीच कलमं लागतात.

आधी पत्र ओळखा

ईमेल किंवा एसएमएसमधल्या लिंकवर क्लिक करू नका. ब्राउझरमध्ये स्वतः incometax.gov.in टाइप करून लॉगिन करा. 1 ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असावा लागतो. पोर्टलच्या पहिल्या पानावर, लॉगिन न करताही, `Authenticate Notice/Order Issued by ITD` हा पर्याय दिसतो. तिथे तो क्रमांक टाकला की पत्र खरं आहे की नाही ते कळतं.

पत्र खरं निघालं की त्यावरचं कलम बघा, कारण पुढचा मार्ग त्यावरूनच ठरतो.

कलमच नसेल, नुसतं 'तुमच्या माहितीत तफावत दिसते' असं लिहिलेलं असेल, तर ती ई-कॅम्पेनची सूचना आहे. ती नोटीस नाही, पण तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढचं पत्र नोटीस म्हणूनच येऊ शकतं. कलम 133(6) असेल तर ती ई-व्हेरिफिकेशन योजनेखाली मागवलेली माहिती आहे. तिचं उत्तर द्यावंच लागतं. या दोन्ही टप्प्यांवर चूक स्वतःहून दुरुस्त करायचा रस्ता उघडा असतो. या लेखातलं उदाहरण 133(6) चं आहे.

कलम 139(9) असेल तर रिटर्न सदोष ठरवलं आहे. व्याजाच्या बाबतीत याचं नेहमीचं कारण म्हणजे टीडीएसचा परतावा मागितला, पण तो ज्या व्याजावर कापला ते व्याजच दाखवलं नाही. तिथे 15 दिवसांत दुरुस्त रिटर्न त्याच नोटिशीच्या उत्तरात भरायचं असतं. कलम 143(2) किंवा 148अ असेल तर मात्र गोष्ट तपासणीपर्यंत किंवा फेरनिर्धारणापर्यंत गेली आहे. तिथे सीए किंवा कर सल्लागाराशिवाय उत्तर देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उत्तराची शेवटची तारीख पत्रावर छापलेली असते. ती वहीत लिहून ठेवा आणि बँकेची कागदपत्रं त्याच दिवशी मागवा. या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ शाखेतून सही-शिक्क्याचा कागद मिळवण्यातच जातो.

विभागाला आकडा मिळतो कुठून

विभागाकडे व्याज दोन वाटांनी पोहोचतं. पहिली वाट टीडीएसची. बँक कलम 194अ खाली मुदत ठेवीच्या व्याजावर 10 टक्के कर कापते आणि दर तिमाहीला त्याचं विवरण भरते. 2023-24 मध्ये एका बँकेतलं वर्षाचं व्याज 40,000 रुपयांच्या वर गेलं, ज्येष्ठ नागरिकांचं 50,000 च्या वर गेलं, तरच हा कर कापला जायचा. एप्रिल 2025 पासून या मर्यादा अनुक्रमे 50,000 आणि 1,00,000 झाल्या.

दुसरी वाट एसएफटीची, म्हणजे बँका विभागाला देतात त्या आर्थिक व्यवहारांच्या विवरणाची. इथे टीडीएस कापला असो वा नसो, बचत खातं आणि मुदत ठेव यांवर दिलेलं व्याज बँक वर्षातून एकदा विभागाला कळवते. एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर विभागाकडे आलेल्या माहितीचं वार्षिक विवरण, त्यात ही नोंद `SFT-016` या क्रमांकाखाली दिसते.

बहुतेक गोंधळ या दुसऱ्या वाटेमुळे होतो. लोक फॉर्म 26एएस उघडतात, त्यात टीडीएस कापलेलं व्याज दिसतं, तेवढंच रिटर्नमध्ये भरतात. टीडीएस कापला गेला नाही ते व्याज 26एएसमध्ये सहसा नसतं, म्हणून ते राहून जातं. 15जी किंवा 15एच भरून दिला म्हणजे व्याज करमुक्त झालं, हाही असाच पक्का बसलेला गैरसमज. त्या फॉर्ममुळे फक्त कपात थांबते. व्याज उत्पन्नात धरायचं ते धरायचंच.

बेरीज फोडणं

लॉगिन केल्यावर वरच्या पट्टीतून एआयएस उघडा. तो वेगळ्या खिडकीत, कम्प्लायन्स पोर्टलवर उघडतो. डावीकडे टीआयएस, म्हणजे त्याच माहितीचा सारांश, आणि उजवीकडे एआयएस असतो. आधी आर्थिक वर्ष बदलून 2023-24 करा, नाहीतर चालू वर्षाचे आकडे समोर येतील आणि एकही जुळणार नाही. मग दोन्हींची पीडीएफ उतरवून घ्या. पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, `ddmmyyyy` अशी. ही पीडीएफ अभिप्राय देण्याच्या आधी घ्यायची, कारण एआयएस बदलत राहतो. नोटीस आली त्या दिवशी काय दिसत होतं याचा पुरावा तुमच्याकडे असायला हवा.

आता उदाहरण. नोकरी करणाऱ्या एका बाई, वय 45, नवी कररचना, 2023-24 चं रिटर्न वेळेत भरलेलं. त्यात व्याज 62,000 रुपये दाखवलं. एआयएसमधली बेरीज 1,86,250. नोटिशीत फरक 1,24,250 रुपये.

एआयएसमधली प्रत्येक ओळ उलगडून पाहिल्यावर असं दिसतं:

| नोंद | बँक | रक्कम |
|---|---|---|
| 194अ, मुदत ठेव | पहिली बँक | 62,000 |
| एसएफटी, मुदत ठेव | पहिली बँक | 62,000 |
| एसएफटी, बचत खातं | पहिली बँक | 14,200 |
| एसएफटी, मुदत ठेव | सहकारी बँक | 36,000 |
| एसएफटी, मुदत ठेव, संयुक्त | तिसरी बँक | 12,050 |

आता एकेक ओळ घेऊ.

पहिली ओळ रिटर्नमध्ये दाखवलेलीच आहे. ती उलगडली की चार तिमाहींच्या चार नोंदी निघतात: 15,300, 15,400, 15,600 आणि 15,700. बेरीज 62,000. टीडीएस 6,200. इथे आणखी एक गोष्ट तपासावी. पासबुकात कर कापून उरलेली रक्कम जमा होते. कुणी पासबुकावरून आकडा उचलला तर 62,000 ऐवजी 55,800 भरले जातात आणि बरोबर टीडीएसएवढाच फरक निघतो. फरक एखाद्या नोंदीच्या नेमका दहावा भाग असेल तर सर्वांत आधी हाच संशय घ्या.

दुसरी ओळ म्हणजे पहिलीच पुन्हा. तीच बँक, तोच खातेक्रमांक, तीच रक्कम. ठेव एकच, पण व्याज दोन्ही वाटांनी आलं. बहुतेक वेळा टीआयएस बनवताना यंत्रणाच अशी दुहेरी नोंद वगळते, पण दरवेळी नाही. विशेषतः दोन नोंदींच्या रकमेत काही रुपयांचा फरक असेल तर ती सुटून जाते. मात्र रक्कम सारखी दिसली म्हणून लगेच दुहेरी ठरवू नका. बँकेकडून वर्षभराचं व्याज प्रमाणपत्र घ्या. त्यात एकूण व्याज 62,000 असेल तरच दुहेरी नोंदीचा दावा टिकतो. प्रमाणपत्रातच 1,24,000 निघाले तर ठेवी दोन होत्या आणि एक तुमच्या लक्षातून गेली होती.

तिसरी ओळ बचत खात्याचं व्याज. हे खरंच राहून गेलं आहे. दर तिमाहीला तीन-साडेतीन हजार जमा होतात, म्हणून ते उत्पन्न वाटतच नाही. 'बचत खात्याचं 10,000 पर्यंतचं व्याज माफ असतं' असं अनेकजण धरून चालतात. कलम 80टीटीए मध्ये ही वजावट आहे, पण ती फक्त जुन्या कररचनेत. तिथेसुद्धा व्याज आधी उत्पन्नात दाखवायचं आणि मग वजावट मागायची. 60 वर्षांवरच्यांना त्याऐवजी 80टीटीबी खाली ठेवींसह सगळ्या व्याजावर 50,000 पर्यंत वजावट मिळते, तीही जुन्या रचनेतच. आपल्या उदाहरणात नवी रचना आहे, त्यामुळे पूर्ण 14,200 करपात्र.

चौथी ओळ सहकारी बँकेतली ठेव. व्याज 36,000, म्हणजे 40,000 च्या आत, म्हणून टीडीएस नाही, म्हणून 26एएसमध्ये नाही, म्हणून रिटर्नमध्ये नाही. हेही पूर्ण करपात्र.

पाचवी ओळ आईच्या पैशाची. ठेव आई आणि मुलगी यांच्या नावे, पैसा आईच्या पेन्शनमधून आलेला, मुलीचं नाव फक्त सोयीसाठी. व्याजावर कर ज्याचा पैसा त्याला लागतो, ठेवीवर नाव कोणाचं आहे त्याला नाही. पण हे नुसतं सांगून चालत नाही. ठेव उघडली त्या दिवशी आईच्या खात्यातून रक्कम वळती झाल्याची नोंद दाखवावी लागते, आणि आईने रिटर्न भरलं असेल तर त्यात हे 12,050 दिसायला हवेत. हाच नियम उलटही लागतो. नवऱ्याने आपल्या पैशातून बायकोच्या नावे ठेव केली असेल, तर कलम 64 प्रमाणे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिसळतं. अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात जातं.

तर 1,24,250 चा फरक असा फुटला: 62,000 दुहेरी नोंद, 12,050 आईचे, आणि 14,200 अधिक 36,000 म्हणजे 50,200 खरंच राहिलेले. सगळा फरक मान्य केला असता तर जवळजवळ अडीचपट उत्पन्नावर कर गेला असता.

चक्रवाढ ठेवीचा प्रश्न

वरच्या उदाहरणात नसलेलं, पण नेहमी भेटणारं एक कारण सविस्तर सांगायला हवं. मुदत संपेपर्यंत व्याज हातात न देणाऱ्या ठेवीवर बँक दरवर्षी व्याजाची तरतूद करते, त्यावर टीडीएस कापते आणि विभागाला कळवते. ठेवीदार मात्र पाचव्या वर्षी पैसे हातात आल्यावर सगळं व्याज एकदम दाखवतो. मग पहिल्या चार वर्षांत 'कमी दाखवलं' आणि पाचव्या वर्षी 'जास्त दाखवलं' असं चित्र उभं राहतं.

कलम 145 प्रमाणे व्याज दरवर्षी जमलं तसं दाखवता येतं किंवा मिळालं तेव्हा दाखवता येतं. अट एकच, पद्धत दरवर्षी आणि सगळ्या ठेवींना तीच हवी. मिळालं तेव्हा दाखवायचं असेल तर टीडीएसही त्याच वर्षी मागायचा असतो. नियम 37बीए तसं सांगतो, आणि आयटीआर-2 मध्ये टीडीएस पुढे ओढण्यासाठी वेगळा रकाना आहे. व्याज पाचव्या वर्षी दाखवायचं, पण टीडीएस दरवर्षी मागायचा, असं केलेलं असेल तर ही बाजू लढवता येत नाही. तेव्हा दरवर्षीचं व्याज त्या त्या वर्षात दाखवणंच बरं. आमचा सल्ला विचाराल तर पगारदार आणि निवृत्त माणसांनी दरवर्षी दाखवण्याचीच पद्धत ठेवावी. एआयएसशी आकडा जुळतो आणि शेवटच्या वर्षी उत्पन्न फुगून वरच्या टप्प्यात जात नाही.

एआयएसमध्ये अभिप्राय

नोटिशीला उत्तर देण्याआधी एआयएसमध्ये चुकीच्या नोंदींवर अभिप्राय द्या, म्हणजे उत्तरात त्याचा उल्लेख करता येतो. नोंदीसमोरच्या `Optional` या शब्दावर क्लिक केलं की पर्यायांची यादी उघडते.

दुसऱ्या ओळीसाठी `Information is duplicate / included in other information` निवडा आणि ती कोणत्या नोंदीत आधीच आली आहे ते दाखवा. टीडीएसची नोंद ठेवायची आणि एसएफटीची दुहेरी ठरवायची. उलट केलं तर टीडीएसला आधार देणारं उत्पन्नच गायब होतं. पाचव्या ओळीसाठी `Information relates to other PAN/Year` निवडून आईचा पॅन आणि रक्कम भरा. ते व्याज आईच्या नावे दाखवलेलं नसेल तर हा पर्याय वापरू नका, कारण पुढचं पत्र आईला येईल.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीसाठी `Information is correct`. इथे `Information is denied` निवडण्याचा मोह टाळा. असे अभिप्राय खातरजमेसाठी बँकेकडे जाऊ शकतात. बँकेने 'आमची नोंद बरोबर आहे' असं कळवलं की तुमची बाकीची खरी उत्तरंही संशयाने वाचली जातात. अभिप्राय बँकेकडे गेला का आणि बँकेने काय कळवलं, ते एआयएसमध्येच दिसतं. बँकेची नोंद खरोखर चुकली असेल तर शाखेला लेखी अर्ज देऊन विवरण दुरुस्त करून घ्या आणि अर्जाची पोच उत्तराला जोडा. दुरुस्ती मूळ कळवणाऱ्या बँकेलाच करता येते, प्राप्तिकर विभागाला नाही.

राहिलेल्या व्याजावरचा कर

सुधारित रिटर्न भरायची मुदत, म्हणजे या वर्षापुरती 15 जानेवारी 2025, उलटून गेली आहे. आता मार्ग कलम 139(8अ) चं अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत ते भरता येतं. ई-कॅम्पेन किंवा 133(6) चं पत्र आलं तरी ते भरायला आडकाठी नाही. 143(2) खाली तपासणी सुरू झाली की मात्र हे दार बंद होतं.

बाईंचं दाखवलेलं करपात्र उत्पन्न 10,40,000 होतं आणि त्यावरचा सगळा कर पगारातून व ठेवीच्या टीडीएसमधून भागला होता. 50,200 वाढले की उत्पन्न 10,90,200 होतं. 2023-24 च्या नव्या रचनेत 9 ते 12 लाखांचा टप्पा 15 टक्क्यांचा, म्हणून वाढीव कर 7,530, त्यावर 4 टक्के उपकर 301, एकूण 7,831 रुपये. वर्षाची थकबाकी 10,000 च्या आत आहे, म्हणून आगाऊ कर लागू नव्हता आणि 234ब, 234क चं व्याजही नाही. रिटर्न वेळेत होतं, म्हणून 234अ चं व्याज आणि उशिराचं शुल्कही नाही.

यावर अतिरिक्त कर लागतो. 31 मार्च 2026 पर्यंत रिटर्न भरलं असतं तर तो 25 टक्के, म्हणजे 1,958 लागला असता. 31 मार्च 2027 पर्यंत 50 टक्के, म्हणजे 3,916. त्यापुढे 60 आणि 70 टक्के. दर 31 मार्चच्या रात्री चढतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये नोटीस हातात असेल तर आधी कर भरून रिटर्न पाठवा.

कर `e-Pay Tax` मधून भरा: कर निर्धारण वर्ष 2024-25, प्रकार `Self-Assessment Tax (300)`. इथे सवयीने चालू वर्ष निवडलं जातं आणि चलन भलत्याच वर्षाला लागतं. पैसे भरण्याआधी पडद्यावरचं वर्ष पुन्हा एकदा वाचा. मग आयटीआर-यू मध्ये कारण `Income not reported correctly` निवडा, चलनाचा तपशील भरा आणि 30 दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा. ते राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतं. म्हणून पाठवण्याआधी एआयएसमध्ये नसलेलं व्याजही शोधा: पतसंस्थेतली ठेव, पोस्टातली मासिक प्राप्ती योजना, आवर्ती ठेव, आणि प्राप्तिकराच्या परताव्यावर विभागानेच दिलेलं व्याज. हे शेवटचं तर हमखास विसरलं जातं, आणि विभागाकडे त्याची नोंद सर्वांत पक्की असते.

उत्तराचा मजकूर

लॉगिन करून `Pending Actions`, मग `Compliance Portal`, मग `e-Verification` उघडा. ई-कॅम्पेन असेल तर त्याच जागी `e-Campaign`. 139(9), 143(2) वगैरे नोटिसा मात्र `Pending Actions` मधल्या `e-Proceedings` खाली असतात. चुकीच्या जागी शोधून 'नोटीस दिसत नाही' म्हणणारे पुष्कळ आहेत.

उत्तर इंग्रजीत लिहावं, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मराठी येतच असेल असं नाही. इथे रचना कळावी म्हणून मराठीत देत आहोत:

> विषय: आर्थिक वर्ष 2023-24, व्याजातील 1,24,250 रुपयांच्या फरकाबाबत खुलासा. नोटीस क्रमांक आणि तारीख.
>
> 1. रिटर्नमध्ये दाखवलेले 62,000 रुपये हे पहिल्या बँकेतील मुदत ठेवीचे व्याज आहे. त्यावरील टीडीएस 6,200 रुपये.
>
> 2. फरकातील 62,000 रुपये ही त्याच खात्यावरील त्याच व्याजाची एसएफटीमधील दुहेरी नोंद आहे. बँकेच्या प्रमाणपत्रानुसार वर्षाचे एकूण ठेव व्याज 62,000 रुपयेच आहे. जोडपत्र 1.
>
> 3. फरकातील 12,050 रुपये संयुक्त ठेवीचे असून ठेवीची रक्कम माझ्या आईच्या पेन्शन खात्यातून आली आहे. हे व्याज आईच्या त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये समाविष्ट आहे. जोडपत्र 2 आणि 3.
>
> 4. बचत खात्याचे 14,200 आणि सहकारी बँकेतील ठेवीचे 36,000, एकूण 50,200 रुपये रिटर्नमध्ये दाखवायचे राहिले होते. हे उत्पन्न समाविष्ट करून अद्ययावत रिटर्न भरले आहे. पोचपावती आणि चलन जोडपत्र 4 आणि 5.
>
> मुद्दे 2, 3 आणि 4 मधील रकमांची बेरीज 1,24,250 रुपये होते आणि संपूर्ण फरकाचा खुलासा होतो.

शेवटचं वाक्य वगळू नका. अधिकारी आधी बेरीज बघतो. मुद्दे 2, 3 आणि 4 यांची बेरीज नोटिशीतल्या फरकाशी रुपयाने जुळली तर उत्तर वाचणं त्यालाही सोपं जातं. दोन-चारशे रुपये उरत असतील तर तेही लिहा आणि ते कशामुळे उरले ते सांगा. उत्तरात माफी, कौटुंबिक अडचणी किंवा 'नजरचुकीने' यांसारखे शब्द भरण्याची गरज नाही. राहिलं होतं, आता भरलं आहे, एवढं पुरेसं आहे.

अद्ययावत रिटर्न आधी, उत्तर नंतर, हा क्रम पाळा. 'लवकरच भरू' असं लिहिलेल्या उत्तरामागे पुरावा नसतो आणि प्रकरण उघडंच राहतं. उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कलम 270अ खाली त्या करावर 50 टक्के दंड लागू शकतो, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर 200 टक्के. आयटीआर-यू भरून ठेवलेलं असलं की हा प्रश्न बहुधा निघतच नाही.

जोडपत्रं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये ठेवा आणि फाइलचं नाव `Annexure1_Interest_Certificate` असं आतला कागद सांगणारं द्या. पासबुकाचा मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो चालवून घेतला जात नाही. नेट बँकिंगमधून उतरवलेलं मूळ विवरण जोडा. संयुक्त ठेवीसाठी त्या विवरणातली वळती झालेल्या रकमेची ओळ अधोरेखित करा, नाहीतर चाळीस पानांत ती कुणी शोधत बसत नाही.

पाठवल्यावर पडद्यावर येणारा व्यवहार क्रमांक टिपून घ्या आणि पोचपावती उतरवा. मग पंधरा दिवसांनी त्याच जागी जाऊन स्थिती बघा. काहीही बदल दिसत नसेल तर ते वाईट लक्षण नाही, अशी प्रकरणं अनेक महिने तशीच दिसतात. आणखी माहिती मागितली गेली तर ती बहुधा तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या पैशाच्या दाव्यावर असते. त्यासाठी आईच्या पेन्शन खात्याचं ठेव उघडण्याच्या आधीच्या सहा महिन्यांचं विवरण आत्ताच काढून ठेवा. जुनी विवरणं नेट बँकिंगवर कायम राहत नाहीत, आणि मग शाखेत अर्ज करून वाट बघावी लागते.